३६० डिग्री फीडबॅक: नाव झाकलं तरी माणूस ओळखू येतो, या चुका टाळा

समजा, यवतमाळ जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. मुख्य कार्यकारी अधिकारी, तीन तालुका समन्वयक, एक लेखापाल, एक गोदामपाल आणि गावोगाव फिरणारे आठ कार्यकर्ते, असे एकूण चौदा जण. यातल्या एका समन्वयकाबद्दल वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा तिन्ही बाजूंनी फीडबॅक घ्यायचा आहे. मोठ्या कंपन्यांचा फॉर्म उचलून इथे लावला की घोटाळा होतो, कारण तो फॉर्म शेकडो माणसांच्या हिशोबानं बनवलेला असतो. इथे सगळे एकमेकांना गाडीच्या आवाजावरून ओळखतात.

वजाबाकीनं उघडं पडणारं गुपित

नेहमीचा नियम असा, की एखाद्या गटातून तीनपेक्षा कमी उत्तरं आली तर त्या गटाचे आकडे दाखवायचे नाहीत. काही ठिकाणी ही मर्यादा पाचची असते. आपल्या समन्वयकाच्या हाताखाली तीन कार्यकर्ते आहेत आणि त्यातल्या एकानं फॉर्म भरलाच नाही. दोनच उत्तरं आली, म्हणून अहवालात तो गट लपवला. बरोबरीच्या चौघांची सरासरी दाखवली ४.२५, आणि खाली वरिष्ठ सोडून सहाही जणांची एकूण सरासरी ३.५.

आता समन्वयक मोबाईलवर हिशोब करतो. सहा गुणिले ३.५ म्हणजे २१. चार गुणिले ४.२५ म्हणजे १७. उरले ४. म्हणजे हाताखालच्या दोघांनी मिळून चारच गुण दिले. दोघांनी दोन-दोन, नाहीतर एकानं एक आणि दुसऱ्यानं तीन. फॉर्म कोणी भरला नाही हे त्याला चहाच्या टपरीवर कळलेलंच असतं. लपवलेला गट असा दोन ओळींत उघडा पडला.

यावर उपाय एकच: लहान टीममध्ये बरोबरीचे आणि हाताखालचे यांचा एकच गट करा, त्याला ‘सोबत काम करणारे’ म्हणा आणि फक्त त्याचीच सरासरी दाखवा. सर्वात जास्त आणि सर्वात कमी गुणही छापू नका. यात वरच्यांशी एक आणि खालच्यांशी एक वागणारा माणूस आकड्यांत पकडता येत नाही, हा तोटा आहे. तो सोसावा. हे गट फॉर्म वाटण्याआधी ठरवा आणि फॉर्मच्या पहिल्या ओळीत लिहा. उत्तरं आल्यावर गट बदलले, की लोकांचा भरवसा उठतो. वरिष्ठ एकटाच असल्यामुळे त्याचं मत निनावी राहूच शकत नाही. ते त्यानं नावानिशीच द्यावं.

फॉर्ममधल्या गफलती

गूगल फॉर्म वापरत असाल तर `Collect email addresses` बंद आहे का, ते आधी पाहा. `Limit to 1 response` चालू केलं तर भरणाऱ्याला लॉगिन करावं लागतं. तेवढ्यानं ईमेल नोंदला जात नाही, पण लॉगिनचा पडदा पाहूनच माणूस दबकतो. उत्तरांच्या शीटमध्ये `Timestamp` चा रकाना असतोच, म्हणून शीट टीमबाहेरच्या माणसाकडे ठेवा. मासिक मीटिंगला सगळ्यांना शेजारी-शेजारी बसवून फॉर्म भरून घेणं तर अगदीच चुकीचं. कागदावर घेत असाल तर अक्षर ओळखू येतं, तेव्हा बाहेरच्यानं ते टाईप करून मूळ कागद फाडून टाकावेत.

‘वेळेवर आणि स्पष्ट माहिती देतात’ हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. माहिती वेळेवर मिळते पण समजत नाही, असं वाटणाऱ्यानं काय भरायचं? ‘प्रामाणिक आहेत’ असं स्वभावाबद्दलही विचारू नका. दिसणारी वागणूक विचारा: ‘खरेदीच्या दरात बदल झाला तर त्याच दिवशी कळवतात.’ उत्तरं ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच, आणि सहावं ‘मला पाहायला मिळालं नाही’. हा सहावा पर्याय नसला, की लेखापाल शेतातल्या कामाबद्दल मुकाट्यानं मधले तीन गुण टाकतो आणि सरासरी बिघडते. गूगल फॉर्मच्या `Linear scale` मध्ये असा पर्याय घालता येत नाही, म्हणून `Multiple choice` घ्या. सरासरी काढताना ही उत्तरं वगळा, शून्य धरू नका. बारा ते पंधरा प्रश्न पुरे.

वेळ एप्रिल-मे ची बरी. कापूस खरेदीच्या धांदलीत घेतलेला फीडबॅक म्हणजे त्या आठवड्याचा राग असतो.

कमेंट: तपशील हवा, पण कोणता?

खरी अडचण इथे आहे. ‘वागणं सुधारा’ अशी मोघम कमेंट कामाची नसते आणि तपशीलवार कमेंट लिहिणाऱ्याला उघडं पाडते. उदाहरणार्थ ही:

‘सायेब लय बोलतात बावा. त्या दिवशी काट्यावर शेतकऱ्यासमोर मले झापलं. मंग गावात काय तोंड दाखवू?’

प्रसंग एकच, जागा ठरलेली, बोलीही ठरलेली. समन्वयकाला नाव पहिल्याच वाक्यात कळतं. म्हणून तपशील वागणुकीचा ठेवायचा आणि प्रसंगाचा काढायचा. अहवालात हे असं जावं: ‘चूक झाली तर शेतकऱ्यांसमोर रागावतात. त्यामुळे गावात आमचा शब्द राहत नाही. बाजूला घेऊन सांगावं.’ दिवस, काटा आणि बोली गेली. काय करतात, त्यानं काय होतं आणि त्याऐवजी काय हवं, हे तिन्ही राहिलं. धारही राहिली पाहिजे. ‘कधीकधी संवाद सुधारता येईल’ असं गुळगुळीत करणं म्हणजे लिहिणाऱ्याला फसवणं.

हे काम टीमबाहेरच्याच माणसानं करावं, आणि कमेंट अशी बदलून लिहिली जाईल हे फॉर्मवर आधीच सांगावं. त्याहून बरं म्हणजे प्रश्नच तसा विचारणं: ‘त्यांची कोणती सवय तुमचं काम अडवते? त्याऐवजी काय करावं? गाव, तारीख, नाव लिहू नका.’ मोकळे प्रश्न दोनच, दुसरा ‘काय चालू ठेवावं’ हा. नुसती शिवी आली तर ती अहवालात घेऊ नका. एकानंच लिहिलेली गोष्ट ‘सगळे म्हणतात’ म्हणून मांडू नका.

पैशाची अफरातफर किंवा लैंगिक छळ या गोष्टी फीडबॅकमध्ये येऊ देऊ नका. निनावी कमेंटवरून चौकशी नीट होत नाही. अफरातफर संचालक मंडळाकडे जावी. छळाची लेखी तक्रार २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे करायची. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ती असावीच लागते. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. फॉर्मच्या वरच हे छापा.

अहवाल हातात देताना

अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. ज्यानं कमेंट लिहून काढल्या त्यानंच तासभर बसून तो वाचून दाखवावा. पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हे कोणी लिहिलं?’ त्याला उत्तर नाही, अंदाजही नाही. मग समन्वयकानं दोनच सवयी निवडाव्या आणि टीमला स्वतः सांगाव्या. सहा महिन्यांनी पूर्ण फॉर्म नको, त्या दोन सवयींचेच प्रश्न त्याच माणसांना पुन्हा विचारावेत. पगारवाढ याला जोडली, की ओळखीपाळखीत सगळे पाचच गुण देतात आणि मग वाचायला काही उरत नाही.

आणि चार-पाच जणांचंच ऑफिस असेल तर निनावी फॉर्मचा खटाटोप करूच नका. तिथे नाव झाकणं शक्यच नाही. प्रत्येकानं एक ‘चालू ठेवा’ आणि एक ‘बदला’ समोरासमोर सांगावं, सुरुवात वरिष्ठानं स्वतःबद्दल ऐकून घेण्यापासून करावी.