मसुदा परत पाठवताना या चुका टाळा: शब्द बदलतात, सूर तसाच राहतो

दुसऱ्याने लिहिलेला मसुदा तपासून परत देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. 'जरा सौम्य करा' हा शेरा आजही जवळजवळ प्रत्येक मसुद्याच्या समासात आढळतो आणि पुढचे सगळे फेरफार तोच शेरा वाया घालवतो. लिहिणाऱ्याला आपले वाक्य कुठे बोचते हे त्यातून कळत नाही, त्यामुळे तो टोचणारा शब्द शोधतो आणि त्याच्या जागी गुळगुळीत शब्द बसवतो.

एका गृहनिर्माण संस्थेच्या थकबाकीच्या पत्रावर हाच शेरा मी स्वतः मारला होता. मूळ वाक्य असे होते: 'सभासदांना कळविण्यात येते की, आपली थकबाकी त्वरित भरावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.' दोन दिवसांनी आलेला सुधारित मसुदा असा: 'सन्माननीय सभासदांना विनम्रपणे कळविण्यात येते की, आपली थकबाकी कृपया लवकरात लवकर भरावी, अन्यथा नाइलाजाने योग्य ती कारवाई करण्यात येईल, याची कृपया नोंद घ्यावी.' दोन्ही कागद शेजारी ठेवून मी केवळ क्रियापदांखाली रेघा ओढल्या. कळविण्यात येते, भरावी, करण्यात येईल, घ्यावी: चारही क्रियापदे जशीच्या तशी आणि त्याच क्रमाने होती. सूर बदलला आहे की नाही हे ओळखण्याची माझी खूण तेव्हापासून हीच आहे. मराठीत दरारा नामांपेक्षा क्रियापदांच्या शेवटांत अधिक असतो. 'करण्यात येईल' म्हटले की करणारा अदृश्य होतो आणि वाचणाऱ्याला समोर माणूस नसून कार्यालय उभे असल्यासारखे वाटते. तिथे 'कृपया' कितीही वेळा लिहिले तरी ते आज्ञेला चिकटवलेले लेबलच राहते.

ते पत्र ज्यांना जाणार होते, त्यांत नुकतेच पती वारलेल्या एक बाई होत्या. तेव्हा मी विशेषणे सोडली आणि शेऱ्यात एवढेच लिहिले: 'हे पत्र त्या बाई उघडतील. पहिल्या वाक्यात त्यांना नेमका हिशेब कळावा, नंतर आपली नोंद चुकली असण्याची शक्यता यावी, मग पैसे भरण्याचा मार्ग यावा आणि कारवाईचा उल्लेख सर्वांत शेवटी. बोलणारी समिती आहे, तिने आम्ही म्हणावे. जुना कागद बंद करून नव्याने लिहा.' तिसरा मसुदा असा आला:

'आपल्या सदनिकेची एप्रिल ते जुलै या चार महिन्यांची १२,८०० रुपयांची वर्गणी आमच्याकडे जमा झालेली दिसत नाही. आपण ती भरली असल्यास पावती दाखवा, आम्ही नोंद दुरुस्त करू. एकरकमी भरणे अवघड असेल, तर ३१ ऑगस्टपूर्वी आमच्याशी बोला, आपण हप्ते ठरवू. तोपर्यंत काहीच कळले नाही, तर वसुलीसाठी आम्हाला उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागेल.'

यात 'कृपया' एकदाही नाही आणि कारवाईचा इशाराही कायम आहे, तरीही हे पत्र हातात घेताना कोणी दचकणार नाही.

दुसरी चूक तपासणाऱ्याच्या हातातल्या लाल पेनाची आहे. एखादा शब्द खोडून त्यावर आपण पर्यायी शब्द लिहिला की लिहिणाऱ्याला काम शब्दबदलाचेच आहे असा धडा मिळतो, आणि तो पुढच्या पानावर निष्ठेने तेच करतो. वेळ वाचतो म्हणून अनेक जण ही वाट धरतात, परंतु तिसऱ्या-चौथ्या फेरीत तो वेळ व्याजासह परत द्यावा लागतो. मी पहिले वाचन पेन न घेता, मोठ्याने करतो. जिथे माझाच आवाज कडक होतो त्या वाक्यापाशी फक्त टिंब देतो, आणि त्या ठिकाणी वाचणाऱ्याला काय वाटेल हे समासात एका वाक्यात लिहितो. तिथे दुसरे काय लिहावे, हे मी सांगत नाही.

शुद्धलेखनाच्या चुका त्याच फेरीत दाखवू नका, कारण ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे सोपे असल्याने लिहिणारा आधी तेच हाती घेतो आणि बहुधा तिथेच थांबतो. दोघांनी शेरे दिले असतील, तर ते एकत्र करून एकाच्याच हाताने पाठवा. जे वाक्य उत्तम उतरले आहे त्यापुढे 'राहू द्या' असे लिहा, नाहीतर पुढच्या फेरीत तेही बदलून येते.

आणखी एक गोष्ट शेरा लिहिण्यापूर्वीच विचारून घ्यावी लागते. त्या समितीची हप्ते देण्याची तयारी नसती, तर तिसरा मसुदा लिहिताच आला नसता. अशा वेळी मसुदा लेखकाकडे परत पाठवण्याऐवजी मी तो निर्णय घेणाऱ्यांकडे नेतो.