टायरमधला खिळा मी उपसला नाही

सकाळी गाडी काढताना मागच्या टायरच्या नक्षीत खिळ्याचं चपटं डोकं चमकलं. हात पक्कडीकडे गेला होता, पण थांबलो. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला खिळा स्वतःच बुचासारखा भोक धरून ठेवतो. उपसला की हवा काही मिनिटांत जाऊ शकते.

आधी हवा मोजली: ३३ हवी, तिथे २८. खिळ्याभोवती साबणाचं पाणी टाकलं, तर बारीक बुडबुडे हळूहळू येत होते. पंपाने ३३ केली आणि अर्धा तास थांबून परत पाहिलं. ३२ होती. म्हणजे तासाला साधारण दोनने उतरणार, आणि वर्कशॉप सहा किलोमीटरवर. तीस-चाळीसच्या वेगाने, खड्डे चुकवत गेलो. पोचल्यावरही ३२ च.

हवा भरताभरताच उतरत असती, तर मी स्टेपनीच लावली असती. बसलेल्या टायरवर थोडं अंतर गेलं तरी बाजूची भिंत आतून चुरडते, मग पंक्चर काढूनही तो टायर भरवशाचा राहत नाही. ट्यूब असलेल्या टायरलाही हा हिशोब लागू नाही, तिथे हवा झपाट्याने जाते.

वर्कशॉपमध्ये टायर उतरवून आतून पॅच लावला. खिळा नक्षीच्या मधोमध होता म्हणून जमलं. बाजूच्या भिंतीत असता तर टायरच बदलावा लागला असता.