बरोबर वाक्य खोडणाऱ्या विद्यार्थ्याला टीप कशी लिहावी

"मी बाबांबरोबर तलावपाळीला गेलो आणि मिसळ खाल्ली."

ठाण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली सहावीची वही. निबंध होता 'माझा रविवार'. मुलाने आधी 'खाल्ली' लिहिलं होतं. मग ते खोडून वर 'खाल्लो', तेही खोडून 'खाल्ला', आणि शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात पुन्हा 'खाल्ली' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. त्याच्या घरी तमिळ बोलतात. २०२० च्या कायद्यानंतर राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी आलं, त्यामुळे अशा वह्या आता ठाण्यात आणि नवी मुंबईत जवळजवळ प्रत्येक वर्गात असतात.

चुकलेलं वाक्य कसं सुधारायचं हे आम्हा शिक्षकांना सवयीने जमतं. बरोबर वाक्याला 'हे बरोबर आहे आणि का' असं सांगणं जास्त अवघड जातं. नुसती बरोबरची खूण केली, तर तो मुलगा पुढच्या रविवारी पुन्हा तीनदा खोडेल. म्हणून ही टीप कशी तयार करावी, ते याच एका वाक्यावरून दाखवते. पालकांनाही घरी वही बघताना हेच उपयोगी पडेल.

आधी आपली खात्री करून घ्या

कानाला बरोबर वाटतं एवढं पुरत नाही, कारण 'का' लिहायचं असतं. भूतकाळाच्या अशा वाक्यात मी सगळ्यात आधी 'मी' काढून तिथे तिसऱ्या माणसाला आणते. "तो बाबांबरोबर तलावपाळीला गेला आणि त्याने मिसळ खाल्ली." बघा, जो 'मी' दोन्ही क्रियांना एकच दिसत होता, त्याचे दोन तुकडे झाले. जाताना 'तो' आणि खाताना 'त्याने'. म्हणजे 'मिसळ खाल्ली' मधल्या न लिहिलेल्या 'मी'त एक 'ने' दडलेला आहे. मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना हा 'ने' उघडपणे लागत नाही, म्हणून तो दिसत नाही. गावाकडे अजून "म्या भाकरी खाल्ली" असं ऐकू येतं. तो 'म्या' म्हणजे हाच तृतीयेतला 'मी'.

कर्त्याला 'ने' लागला की भूतकाळातलं क्रियापद त्याच्याशी जुळत नाही. ते कर्माकडे वळतं. मिसळ स्त्रीलिंगी, म्हणून खाल्ली. वडापाव असता तर खाल्ला, समोसे असते तर खाल्ले. व्याकरणात पहिल्या अर्ध्याला कर्तरी प्रयोग म्हणतात आणि दुसऱ्याला कर्मणी. हे आपल्याला माहीत हवं. सहावीतल्या, मराठी दुसरी किंवा तिसरी भाषा असलेल्या मुलाच्या टीपेत मात्र हे शब्द घालू नयेत. त्याला एका शब्दाचा अर्थ हवा असतो, आपण त्याला आणखी दोन शब्द देऊन बसतो.

एक सावधगिरी. ही परीक्षा 'तू' घालून करायला सांगू नका. "तू मिसळ खाल्लीस" मध्ये शेवटी 'स' येतो आणि क्रियापद कर्त्याचंही थोडं ऐकतं. मुलाचा गोंधळ त्याने वाढेल. 'त्याने' आणि 'तिने' हेच शब्द कामाचे.

मग शंका नेमकी कुठली आहे ते वाचा

खोडलेले शब्द हीच त्याची शंका असते. ते वाचल्याशिवाय टीप लिहायला घेऊ नये. या वहीत 'खाल्लो' आधी आलं आणि 'खाल्ला' नंतर. यावरून दोन गोष्टी कळतात. त्याने आधी 'गेलो'च्या शेजारी त्याच वळणाचं रूप बसवून पाहिलं. मग कुणीतरी त्याला 'तू मुलगा आहेस' याची आठवण करून दिली असणार. विचारल्यावर तसंच निघालं. शेजारचा मित्र म्हणाला होता, "अरे, तू मुलगा आहेस ना? मग 'खाल्ली' काय लिहितोस?"

त्याच्या घरच्या भाषेचाही यात वाटा आहे. तमिळमध्ये 'मी खाल्लं' हे 'नान साप्पिट्टेन'. आई म्हणो किंवा मुलगा, काहीही खाल्लेलं असो, शब्द तोच. मराठीत आल्यावर त्याला मेहनतीने शिकवलं गेलं की मुलगा 'गेलो' म्हणतो आणि मुलगी 'गेले' म्हणते. ते त्याने पाठ केलं. आता तोच नीट शिकलेला नियम त्याला 'खाल्ली'पाशी आडवा येतोय. म्हणजे टीपेत उत्तर द्यायचं ते 'खाल्ली स्त्रीलिंगी का' याचं नाही. "मी मुलगा असून 'खाल्ली' कसं?" याचं उत्तर त्याला हवंय. हा फरक पकडला की टीप निम्मी लिहून झाली.

आता टीप लिहा

पहिल्या ओळीत निकाल द्या. 'छान प्रयत्न' किंवा 'जवळजवळ बरोबर' असं काही लिहू नका, मुलाला वाटतं अजून काहीतरी चुकलंय. त्याचं पूर्ण वाक्य एकदा स्वच्छ अक्षरात उतरवा. खोडाखोडीत त्याला स्वतःचं बरोबर वाक्य नीट दिसलेलंच नसतं. आणि चुकीची रूपं टीपेत लिहूच नका. "खाल्लो नाही, खाल्ला नाही, खाल्ली" असं लिहिलं की आठवड्याने त्याच्या डोळ्यांपुढे तिन्ही शब्द सारखेच उभे राहतात.

दुसरं, कारण एकच द्या आणि ते त्याच्या शंकेला भिडणारं असू द्या. तिसरं, असं काहीतरी द्या की तो आपल्याशिवाय पडताळून बघू शकेल, आणि मित्रालाही दाखवू शकेल.

मी त्याच्या वहीत लिहिलं ते असं:

"मी बाबांबरोबर तलावपाळीला गेलो आणि मिसळ खाल्ली. — वाक्य बरोबर आहे, खोडू नकोस. 'गेलो' तुझ्याशी जुळलं. 'खाल्ली' मिसळीशी जुळलं, कारण मिसळ खाऊन झाली आहे. मी बाई आहे, म्हणून मी 'गेले' म्हणते. पण 'मिसळ खाल्ली' आणि 'वडापाव खाल्ला' मीही तुझ्यासारखंच म्हणते. आता 'मी'च्या जागी आधी 'त्याने' आणि मग 'तिने' घाल, आणि वडापावाची दोन वाक्यं खाली लिही."

समासात आणि खालच्या तीन रिकाम्या ओळींत हे मावलं. यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मधलं वाक्य. बोलणारा बदलला की 'गेलो'चं 'गेले' होतं, 'खाल्ली' मात्र जागची हलत नाही. मित्राच्या प्रश्नाला याहून सोपं उत्तर नाही. शिक्षक पुरुष असतील तर त्यांनी 'तुझी आई' किंवा वर्गातली एखादी मुलगी उदाहरणाला घ्यावी.

'खाऊन झाली आहे' हे शब्दही उगाच घातलेले नाहीत. नियम फक्त झालेल्या गोष्टीपुरता आहे. रोजच्या सवयीबद्दल बोलताना मुलगा "मी मिसळ खातो" म्हणतो आणि मुलगी "मी मिसळ खाते". तिथे मिसळीचं काही चालत नाही. हे शब्द गाळले, तर चार दिवसांनी वहीत "मी रोज पोळी खाते" असं मुलाच्या हातून येतं.

कारण किती मोठं द्यायचं

इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी लिहून दिलं होतं, "भूतकाळात वाक्यात कर्म असेल तर क्रियापद कर्माप्रमाणे चालतं." वाचायला नेटकं आणि आत्मविश्वासाचं. पुढच्या आठवड्यात त्याने लिहिलं, "मी छत्री विसरली." खाली दुसरं वाक्य, "मी कविता शिकली." मी दोन्हीवर काट मारली. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला, माझ्याच टीपेवर बोट ठेवलं आणि गप्प उभा राहिला. त्याचं काही चुकलं नव्हतं. छत्री कर्म आहे, कविता कर्म आहे, काळ भूतकाळ आहे. माझ्या नियमाप्रमाणे त्याने चोख लिहिलं होतं.

विसरणे, शिकणे ही क्रियापदं कर्म घेतात, पण भूतकाळात कर्त्याशीच जुळतात. मुलगा "छत्री विसरलो" म्हणतो, मुलगी "छत्री विसरले". तिसऱ्या माणसाची परीक्षा इथेही लागू पडते. 'त्याने छत्री विसरली' कुणी म्हणत नाही, "तो छत्री विसरला" म्हणतात. 'ने' लागत नाही, म्हणून क्रियापद छत्रीकडे वळत नाही. म्हणजे खरी खूण कर्म असणं ही नाही, 'ने' लागणं ही आहे. माझं कारण वाक्यापेक्षा मोठं झालं होतं.

तेव्हापासून लिहिलेलं कारण मी निदान एका दुसऱ्या क्रियापदावर घासून बघते. ते तिथे फसलं, तर कारण लहान करते आणि त्याच वाक्यापुरतं ठेवते. "'खाल्ली' मिसळीशी जुळलं" हे वाक्य विसरणे-शिकणेबद्दल काहीच बोलत नाही, म्हणून ते कधी खोटं पडत नाही. त्या क्रियापदांची पाळी ती वाक्यं वहीत येतील तेव्हा.

कर्माला 'ला' लागला की आणखी एक वळण येतं: "मी ताईला बघितलं." ताई स्त्रीलिंगी असूनही 'बघितली' होत नाही. हेही पहिल्याच टीपेत कोंबू नये.

दुसऱ्या दिवशी वही मागा

"कळलं का?" असं विचारल्यावर सगळी मुलं मान हलवतात. कळलं की नाही ते त्याने खाली लिहिलेल्या दोन वाक्यांवरूनच ठरतं. 'त्याने'बरोबर 'खाल्ला' आणि 'तिने'बरोबर 'खाल्ली' आलं, तर समजावं की तो अजून खाणाऱ्याकडेच बघतोय. मग टीप पुन्हा लिहू नये. त्याला शेजारी बसवून एक मुलगी आणि एक मुलगा यांच्याकडून "मी वडापाव खाल्ला" हे मोठ्याने म्हणवून घ्यावं. दोघांच्या तोंडून तोच शब्द निघतो, हे त्याच्या कानावर पडायला हवं. दोन्ही वाक्यांत 'खाल्ला' आलं, तर काम झालं.

त्या मुलाने खाली लिहिलं होतं, "त्याने वडापाव खाल्ला. तिने वडापाव खाल्ला." दोन्ही स्वच्छ, खाडाखोड नाही. आणि मी न सांगता तिसरी ओळही होती: "मी आणि बाबांनी चार जिलब्या खाल्ल्या."