खरी खादी कशी ओळखावी: खूण, प्रमाणपत्र, बिल आणि मग कापड

दुकानात खादी म्हणून कापड समोर आले की बहुतेकजण ते बोटांत चुरगाळून बघतात, गाठी शोधतात, खरखरीत लागले की समाधान मानतात. ही सवय फसवणुकीला सोयीची आहे. गिरणीत मुद्दाम जाडबारीक सूत काढता येते, त्याचे कापड यंत्रमागावर विणता येते, आणि हाताला ते खादीसारखेच लागते. उलट, अंबर चरख्यावर चांगल्या हाताने कातलेले बारीक सूत इतके एकसारखे असते की त्याची खरी खादी पाहून लोक "ही गिरणीची दिसते" म्हणतात. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी खूण, मग विक्रेत्याचे प्रमाणपत्र, मग बिल आणि शेवटी कापड.

कायद्यात खादी कशाला म्हणतात हे माहीत असले की पुढचे सोपे जाते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार भारतात हाताने कातलेल्या कापूस, रेशीम किंवा लोकरीच्या सुताचे, अथवा त्यांच्या मिश्रणाचे, भारतात हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी. म्हणजे सूत हातचे आणि विणही हातची, दोन्ही हवे. यातली एक अट जरी गळाली तरी कापड खादी राहत नाही, मग ते कितीही सुंदर असो. बाजारातली बहुतेक गल्लत या दोनपैकी पहिल्या अटीत होते, कारण कताई ग्राहकाला कधीच दिसत नाही.

पायरी १: लेबल नीट वाचा

२०१३ च्या खादी मार्क नियमांनुसार 'खादी मार्क'चा टॅग किंवा लेबल लावल्याशिवाय कोणतेही कापड खादी म्हणून विकता येत नाही. हा नियम सरकारी भांडारांपुरता नाही. खाजगी कंपनी, डिझायनर, ऑनलाइन दुकान, सगळ्यांना लागू आहे. तेव्हा पहिला प्रश्न हाच: "खादी मार्क कुठे आहे?" तयार कपड्यावर तो टॅग किंवा शिवलेले लेबल म्हणून दिसला पाहिजे. ताग्यातून कापून घेत असाल तर दुकानदाराला ताग्यावरचे लेबल दाखवायला सांगा, आणि ते कापण्याआधी सांगा.

इथे एक गोष्ट हमखास घडते. ग्राहक खादी मार्क विचारतो आणि त्याला दुसरीच खूण दाखवली जाते. ती खूण खोटी नसते, पण ती वेगळी गोष्ट सांगत असते.

'हँडलूम मार्क' सांगतो की कापड हातमागावर विणले आहे. त्यातले सूत गिरणीचे असू शकते, आणि बहुतेकदा असतेच. 'सिल्क मार्क' सांगतो की रेशीम शुद्ध आहे; ते कोणी कातले आणि कशावर विणले याबद्दल तो काहीच बोलत नाही. 'हातमाग' एवढाच शब्द, '१०० टक्के कॉटन' किंवा चरख्याचे नुसते चित्र, यांतल्या कशावरूनही कापड खादी ठरत नाही. ऑनलाइन दुकानांत 'खादी कॉटन', 'खादी लुक', 'खादी टेक्स्चर' असे शब्द दिसले की थांबा. 'लुक' म्हणणारा विक्रेता निदान खरे सांगतो आहे. 'खादी कॉटन' म्हणणाऱ्याकडे मात्र खादी मार्कचा फोटो मागा.

पॉलिवस्त्राचे प्रकरण थोडे निराळे आहे. ते खादी भांडारातच, खादीच्या शेजारच्या फळीवर मिळते. हाताने कातलेले आणि हाताने विणलेलेही असते. पण त्यात पॉलिस्टर मिसळलेले असते आणि कायद्यातल्या व्याख्येत पॉलिस्टर नाही. कमी चुरगळणारे कापड हवे असेल तर जरूर घ्या, फक्त लेबल वाचून घ्या.

पायरी २: विक्रेता प्रमाणित आहे का ते पाहा

लेबल छापता येते, म्हणून लेबलावर थांबू नका. आयोग खादी संस्थांना प्रमाणपत्र देतो. संस्थेचे नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मुदत या तीन गोष्टी पाहा. खऱ्या भांडारात प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर कोणी रागावत नाही. "साहेब बाहेर गेलेत, कपाटाला कुलूप आहे" असे उत्तर आले तर संस्थेचे पूर्ण नाव लिहून घ्या आणि आयोगाच्या kvic.gov.in या संकेतस्थळावर किंवा आयोगाच्या राज्य कार्यालयात विचारून तपासा. पाटीवरचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव एकच आहे ना, हेही बघा. एका संस्थेचे प्रमाणपत्र आणि दुसऱ्याच कोणाचे दुकान, असे असेल तर ते प्रमाणपत्र त्या दुकानाला उपयोगाचे नाही.

प्रमाणपत्र आजही चालू आहे का हे का पाहायचे, याचे ठळक उदाहरण मुंबईतच आहे. फोर्टमध्ये दादाभाई नौरोजी मार्गावर १९५४ पासून खादी एम्पोरियम चालवणाऱ्या मुंबई खादी आणि ग्रामोद्योग असोसिएशनचे प्रमाणपत्र आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द केले. तपासणीत घेतलेल्या नमुन्यांत खादी नसलेला माल खादी म्हणून विकला जात असल्याचे आढळले, असे आयोगाने जाहीर केले होते. दुकान जुने, पत्ता प्रतिष्ठेचा, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथून खादी घेणारी घरे. तरीही प्रमाणपत्र जाऊ शकते. म्हणून वडील तिथूनच घ्यायचे, एवढ्यावर विसंबू नका; आजचे प्रमाणपत्र पाहा.

प्रदर्शनांत तर आणखी जपायला हवे. 'खादी व ग्रामोद्योग' प्रदर्शनात ग्रामोद्योगाचे गाळेही असतात: मध, साबण, पापड, चामड्याच्या वस्तू, आणि कधीकधी कपडेही. मंडपावर खादी लिहिले आहे म्हणून आतला प्रत्येक सदरा खादीचा होत नाही. गाळ्यावर खादी संस्थेचे नाव आहे का ते पाहा. गांधी जयंतीच्या सुमारास सवलतीचे फलक सगळीकडे लागतात, तेव्हा ही चौकशी नक्की करा.

ऑनलाइन घ्यायचे असेल तर आयोगाचे khadiindia.gov.in हे दालन आहे. इतर ठिकाणी ब्रँडचे नाव नाही, विक्रेत्याचे नाव तपासा. वस्तूच्या पानावर खाली, बारीक अक्षरांत ते असते.

पायरी ३: बिलावर काय आहे?

ही तपासणी फार थोडेजण करतात, आणि ती सर्वांत उपयोगाची आहे. आयोगामार्फत किंवा आयोगाने प्रमाणित केलेल्या संस्थांमार्फत विकल्या जाणाऱ्या खादी कापडावर जीएसटी माफ आहे. ही माफी मीटरवर घेतलेल्या कापडाला आहे. शिवलेल्या सदऱ्याला किंवा जाकिटाला नाही.

समजा सदऱ्यासाठी ३६ इंच पन्ह्याचे अडीच मीटर कापड घेतले आणि बिलावर 'खादी कापड' असे लिहून वर जीएसटी लावला. याचा एक अर्थ असा की दुकान प्रमाणित नाही. दुसरा असा की माल खादी म्हणून नोंदलेलाच नाही. तिसरी शक्यता बिल करणाऱ्याच्या चुकीची, पण ती त्याने लगेच दुरुस्त करून दाखवायला हवी. बिलावर नुसते 'कापड' किंवा 'सुती शर्टिंग' असेल, तर 'खादी' हा शब्द लिहून मागा. तोंडी खादी म्हणणारा माणूस बिलावर खादी लिहायला कचरला, तर खरेदी तिथेच थांबवा.

पायरी ४: आता कापड बघा

कापडाच्या तपासणीतून 'ही खादी नाही' हे कधीकधी खात्रीने कळते. 'ही खादीच आहे' हे मात्र कळत नाही. एवढे लक्षात ठेवून तीन ठिकाणी पाहा.

पहिले, किनार. हातमागावर आडवा धागा वाहून नेणारा धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो आणि परत येतो, त्यामुळे आडवा धागा कडेला वळून पुन्हा आत शिरतो. किनार बंद असते. बिनधोट्याच्या आधुनिक मागावर आडवा धागा प्रत्येक फेरीला कापला जातो, म्हणून कडेला तुटक्या धाग्यांची झालर दिसते किंवा ती टोके आत दुमडलेली असतात. अशी झालर दिसली तर ते कापड हातमागाचे नाही. पण बंद किनार दिसली म्हणजे हातमागच असे नाही, कारण जुन्या धोट्याच्या यंत्रमागावरही किनार बंदच येते. तयार कपड्यात किनार बहुधा कापली जाते, म्हणून ही तपासणी ताग्यावरच करा.

दुसरे, पन्हा. सदऱ्याच्या खादीचा पन्हा सहसा ३६ ते ५० इंचांच्या आत असतो. शर्टिंगचा तागा ५८ किंवा ६० इंची असेल तर कुठल्या संस्थेने विणला ते विचारा. चादरींसाठी रुंद हातमाग असतात, तिथे हा निकष लावू नका.

तिसरे, ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे धागे वेगळे करून पाहणे. कापडाच्या कापलेल्या कोपऱ्यातून साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा एक उभा आणि एक आडवा धागा सुईने ओढून काढा. काळ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून उजेडात बघा. खादीत दोन्ही सूत हातचे, त्यामुळे दोन्हींत जाडी थोडीथोडी बदलते. ताणा अगदी गुळगुळीत, एका जाडीचा आणि बाणा तेवढा गाठाळ असेल, तर ताण्यात गिरणीचे सूत घातल्याची दाट शंका घ्या. उभ्या धाग्यांवर मागाचा ताण आणि फणीचे घर्षण सतत पडते. हातचे सूत तिथे तुटते आणि विणकराचा वेळ जातो. म्हणून भेसळ करायची झाली की ती ताण्यातच होते.

जाळून पाहण्याची चाचणी फक्त तंतू सांगते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. वितळून कडक मणी उरला तर पॉलिस्टर आहे. गिरणीचे सुती कापडही खादीसारखेच जळते, हे विसरू नका.

फसवणूक वाटली तर

कापड धुऊ नका, टॅग काढू नका. लेबल, किनार, दुकानाची पाटी आणि बिल यांचे फोटो काढा. दुकानाला लेखी विचारणा करून उत्तरासाठी मुदत द्या. त्यानंतर आयोगाकडे लेखी तक्रार पाठवा. मुख्यालय मुंबईत विलेपार्ले पश्चिमेला इर्ला रस्त्यावर 'ग्रामोदय' इमारतीत आहे. तक्रारीत विक्रेत्याचे नाव, पत्ता, बिलाचा क्रमांक आणि तारीख लिहा, बिलाची प्रत जोडा आणि शक्य असेल तर कापडाचा किनारीसकट तुकडा जपून ठेवा. पैसे परत हवे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर वेगळी तक्रार नोंदवा.