व्हॅन ॲलन पट्ट्यांशी गाठ आहे? या चुका टाळा

१९५८ साली एक्सप्लोरर-१ या अमेरिकी उपग्रहावरचा कण मोजणारा गायगर गणक जास्त उंचीवर गेला की मधूनच शून्य दाखवायचा. जेम्स व्हॅन ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे उलगडा झाला, की तिथे कण इतके दाट होते की गणकाला एका कणानंतर पुढचा मोजायला उसंतच मिळत नव्हती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचे पट्टे सापडले ते असे. आतल्या पट्ट्यात जोरकस प्रोटॉनांचा भर, बाहेरच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनांचा. यंत्राला इजा करण्याची या दोघांची तऱ्हा अगदी वेगळी आहे. ते एकाच मापाने मोजायला गेलं, की पुढच्या बहुतेक चुका होतात.

चूक : भिंत जाड आहे, म्हणजे यंत्र सुरक्षित आहे

चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण जुलै १९९९ मध्ये अवकाशात गेली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव तिला दिलं आहे. तिची कक्षा खूप लांबट आहे. त्यामुळे दर फेरीत पृथ्वीजवळ येताना ती पट्ट्यांतून जाते. तिच्या कॅमेऱ्यातल्या क्ष-किरण टिपणाऱ्या सीसीडी चिपांभोवती भक्कम कवच होतं. तरीही सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच बहुतेक चिपांची गुणवत्ता झपाट्याने खालावली.

बिघाड ओळखता आला तो एका खुणेवरून. दुर्बिणीवर तपासणीसाठी किरणोत्सारी स्रोत ठेवलेला असतो आणि त्याच्या क्ष-किरणांची ऊर्जा ठरलेली असते. चिपवर वाचनकडेजवळ पडलेले किरण बरोबर ऊर्जा दाखवत होते, पण जसजसं त्या कडेपासून दूर जावं, तसतशी तीच ऊर्जा कमी दिसू लागली. सीसीडीत जमा झालेला विद्युतभार ओळीओळीने सरकवत कडेपर्यंत आणावा लागतो. सिलिकॉनच्या स्फटिकातले अणू जागचे हलले असतील, तर तिथे सापळे तयार होतात आणि वाटेत थोडे थोडे इलेक्ट्रॉन गिळतात. वाट जितकी लांब, तितका तोटा जास्त.

कवच असताना हे झालं कसं? गुन्हेगार होते अगदी कमी ऊर्जेचे, सुमारे १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन. सिलिकॉनमध्ये ते जेमतेम एक मायक्रॉन शिरतात. कवचातून येणं त्यांना शक्यच नव्हतं. ते आले दुर्बिणीच्या तोंडातून. क्ष-किरणांना वळवण्यासाठी आरसे त्यांच्या वाटेला जवळजवळ समांतर ठेवलेले असतात. त्या आरशांना घासून प्रोटॉनही विखुरले आणि थेट चिपवर जाऊन पोचले. पुढचा पुरावा तर फारच बोलका आहे. दहापैकी आठ चिपांचा भारवाहक थर आरशांकडच्या बाजूला होता, आणि त्या आठही खराब झाल्या. उरलेल्या दोन उलट्या बसवल्या होत्या. त्यांचा तो थर मागच्या बाजूला, कित्येक मायक्रॉन सिलिकॉनच्या आड होता. त्या वाचल्या. प्रोटॉन मोठ्या ऊर्जेचे असते, तर त्यांनी असा भेदभाव केला नसता.

उपाय साधा होता. पट्ट्यात शिरण्याआधी कॅमेरा आरशांच्या केंद्रबिंदूपासून बाजूला सरकवायचा आणि बाहेर पडल्यावर परत आणायचा. नुकसान वेगाने वाढणं लगेच थांबलं. चिपांचं तापमान उणे १२० अंश सेल्सियसपर्यंत उतरवल्यावर भाराचा तोटाही कमी झाला. पण मोडलेला स्फटिक पूर्ववत होत नाही.

म्हणून आराखडा तपासताना कवचाची जाडी विचारून थांबू नका. प्रत्येक उघड्या वाटेकडे बघा : भिंग, आरसा, झडप, पातळ गाळणी. त्या वाटेने कोणत्या ऊर्जेचा कण आत येईल, हा प्रश्न वेगळा विचारा.

चूक : सूर्य शांत आहे, म्हणजे बिघाडाचं कारण दुसरीकडे आहे

२० जानेवारी १९९४ रोजी कॅनडाचे ॲनिक ई-१ आणि ई-२ हे दोन्ही दूरसंचार उपग्रह काही तासांच्या अंतराने डळमळले. त्यांना स्थिर ठेवणाऱ्या चाकाचं नियंत्रण-परिपथ निकामी झालं होतं. ई-१ त्याच दिवशी राखीव परिपथावर सावरला. ई-२ चे मात्र मुख्य आणि राखीव असे दोन्ही परिपथ गेले. जमिनीवरून थ्रस्टर चालवून त्याला तोल सांभाळायला लावण्याची व्यवस्था उभी करावी लागली आणि तो ऑगस्टमध्ये कामावर परतला.

त्या दिवशी सूर्यावर मोठा स्फोट झालेला नव्हता. पण त्याआधी कित्येक दिवस वेगवान सौरवाऱ्यामुळे बाहेरचा पट्टा जोरकस इलेक्ट्रॉनांनी भरलेला होता आणि भूस्थिर कक्षा, सुमारे ३६,००० किलोमीटरवर, त्याच पट्ट्यातून जाते. असे इलेक्ट्रॉन बाहेरची भिंत ओलांडून तारांच्या वेष्टनात किंवा परिपथाच्या पाटीत थांबतात. तिथला भार वाहून जायला वाट नसेल, तर तो साचत जातो आणि अखेर ठिणगी पडते.

इथे निदान चुकतं, कारण बिघाडाच्या क्षणाचा आलेख बघितला जातो. आधीच्या काही दिवसांत किती इलेक्ट्रॉन पडले याची बेरीज करा. बेरीज मोठी असेल आणि बिघाड दिवसाच्या कोणत्याही वेळी होत असतील, तर संशय आत साचलेल्या भारावर घ्यावा. पृष्ठभागावर साचणारा भार बहुधा उपग्रहाच्या स्थानिक मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत त्रास देतो. नुसता संगणकाच्या स्मृतीतला एखादा बिट उलटला असेल, तर एकट्या जोरकस कणाचा विचार आधी करावा. बचावाचा नियम एका ओळीत सांगता येतो : आत कोणताही धातूचा तुकडा न जोडता मोकळा सोडू नका. कनेक्टरची न वापरलेली पिनसुद्धा उपग्रहाच्या सांगाड्याला जोडा.

चूक : आपली कक्षा खाली आहे, पट्टे वर आहेत

पृथ्वीचं चुंबकीय केंद्र तिच्या मध्यापासून थोडं सरकलेलं आहे. त्यामुळे दक्षिण अटलांटिक आणि ब्राझीलच्या वर आतला पट्टा काही शे किलोमीटरपर्यंत खाली येतो. या भागातून जाताना हबल दुर्बीण निरीक्षणं थांबवते. आपल्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहाची कक्षा ६५० किलोमीटर उंचीची असून विषुववृत्ताशी फक्त ६ अंश कललेली आहे. इतका कमी कल ठेवल्यामुळे या भागाशी संबंध कमी येतो. शिवाय मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेलं भारित-कण मापक त्यावर आहे. कण वाढले की ते इशारा देतं आणि इतर उपकरणांचा उच्च विद्युतदाब उतरवता येतो. नकाशावर कायमची चौकट आखून त्यावर विसंबू नका. हा भाग वर्षागणिक पश्चिमेकडे सरकतो आणि उंचीनुसार त्याचा आकार बदलतो.

चूक : पट्टा ओलांडणं म्हणजे मृत्यू

अपोलोचे अंतराळवीर चंद्रावर गेलेच नसतील, असं म्हणणाऱ्यांचा हा लाडका मुद्दा. शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराची मात्रा ठरते ती कणांची दाटी, कवच आणि तिथे काढलेला वेळ यांवरून. अपोलोचा मार्ग पट्ट्यांच्या सर्वांत दाट भागाला बगल देऊन जायचा आणि यानं काही तासांत पलीकडे पोचायची. संपूर्ण मोहिमेची सर्वांत मोठी सरासरी मात्रा अपोलो-१४ ची, सुमारे १.१४ रॅड. तत्काळ आजार होण्यासाठी याच्या कित्येक पट मात्रा थोड्या वेळात मिळावी लागते.

पण तिथे मुक्काम करायचा झाला तर हिशेब पार बदलतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं, तरी रोजच्या काही फेऱ्या दक्षिण अटलांटिकच्या त्या भागातून जातात आणि म्हणून स्थानकाबाहेरची कामं शक्यतो त्या फेऱ्या टाळून आखली जातात. २०२२ च्या आर्टेमिस-१ मोहिमेत ओरायन यानाने आतला पट्टा ओलांडताना आपली दिशा वळवली, तेव्हा आतल्या मापकांवर मात्रेचा दर सुमारे निम्म्यावर आला. भिंत तीच होती. प्रोटॉनांच्या वाटेत यानाचा जाड भाग आला, इतकंच. म्हणून अंतराळवीरांची मात्रा काढताना कवचाची सरासरी जाडी घेऊ नका. यान कोणत्या बाजूने किती वेळ तोंड करून असेल, तेही गणितात धरा.