नुसता सीव्हीचा फोटो आला, तर या चुका टाळा

कुणीतरी मदतीसाठी मोबाईलवर सीव्हीचा फोटो पाठवतं, सोबत एक अक्षरही नसतं. पाहणारा लगेच शुद्धलेखन तपासायला बसतो, कारण चुका डोळ्यांत भरतात. नंतर कळतं की सीव्ही एका ठरावीक पदासाठी बदलून हवा होता आणि तपासलेल्या निम्म्या ओळी आता काढूनच टाकायच्या आहेत.

म्हणून मजकुराआधी फोटो नीट बघा. समजा, छापील पानावर अनुभवाच्या दोन ओळींखाली पेनाची रेघ आहे आणि कोपऱ्यात जाहिरातीचा तुकडा दिसतोय: ‘स्टोअर सुपरवायझर, साठा सांभाळण्याचा अनुभव हवा.’ रेघ मारलेल्या ओळीही साठ्याच्या नोंदींबद्दलच आहेत. इथे पदानुसार बदल हवा असण्याची शक्यता सर्वांत जास्त. जाहिरात सीव्हीपेक्षा वेगळ्या भाषेत असेल, तर भाषांतराचाही विचार करावा लागेल. पण कुठलीच खूण नसेल, तर अंदाजावर काम सुरू करू नका.

‘काय करून हवंय?’ असं विचारलं की बहुतेक वेळा ‘जरा बघून घ्या’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: ‘हा कुठे आणि कोणत्या पदासाठी पाठवायचा आहे? जाहिरात असेल तर तीही पाठवा.’ पद ठरलेलं असेल तर आधी मजकूर बदला, मग भाषांतर हवं असल्यास ते करा, त्यानंतर मांडणी आणि अगदी शेवटी शुद्धलेखन. हा क्रम उलटला की तेच काम दोनदा करावं लागतं. सीव्ही आजच पाठवायचा असेल, तर मात्र फक्त शुद्धलेखन आणि तारखा बघा.

उत्तर येईपर्यंत कोणत्याही कामात उपयोगी पडेल असं काहीतरी कळवा. वरच्याच सीव्हीत एक पूर्णवेळ नोकरी २०१९ ते २०२२ आणि दुसरी २०२१ ते २०२३ लिहिली असेल, तर या तारखांच्या गोंधळाबद्दल मुलाखतीत विचारलं जाऊ शकतं. ते आधी सांगा.

मांडणीबद्दल फोटोवरून ठाम मत देऊ नका. मोबाईल तिरका धरला की समास कमीजास्त दिसतात आणि अक्षरांचा खरा आकार कळत नाही. ए४ पान २१० बाय २९७ मिलिमीटरचं, म्हणजे उंची रुंदीच्या साधारण १.४ पट. फोटोतलं पान त्याहून बरंच आखूड दिसलं, तर ते तिरकं टिपलंय किंवा खालचा भाग कापला गेलाय. मूळ फाइल मागवा, दुसरं पान आहे का तेही विचारा.

भाषांतरात पदवी आणि श्रेणीचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच ठेवा, त्याचा अर्थ पुढे कंसात द्या. दुसऱ्या देशातली ‘समान’ पदवी स्वतःच ठरवू नका. ती पडताळणीत अडकू शकते.

मूळ फाइल नसेल आणि फोटोवरून टाइप करावंच लागलं, तर फोन नंबर आणि ईमेल पाठवणाऱ्याकडून पुन्हा लिहून घ्या. पुसट फोटोत १ आणि ७, किंवा शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, सहज एकसारखे दिसतात.