दिवाळीच्या सूट योजनेचं मराठी पत्रक कसं लिहावं: अटी, तारखा आणि वगळलेला माल

कंपनीकडून दिवाळीच्या योजनेचा इंग्रजी मजकूर येतो आणि दुकानाचे मालक म्हणतात, "एवढं मराठीत करून द्या, संध्याकाळी छापायला टाकायचंय." लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा परभणी-नांदेडच्या बाजारात काय, हे काम असंच घाईत होतं. मग काउंटरवर वाद होतो आणि गिऱ्हाईक पत्रक पुढं करतं. बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचंच बरोबर असतं, कारण पत्रकाचा तोही अर्थ निघत असतो.

एक नमुना घेऊ. साडीचं दुकान, दिवाळी २०२५. इंग्रजी मजकुराचा आशय असा: पाच हजार आणि त्याहून जास्त खरेदीवर सरसकट २० टक्के सूट, पैठणी आणि आधीच सवलतीत असलेला माल वगळून; १५ ते २२ ऑक्टोबर, किंवा साठा असेपर्यंत; दुसऱ्या योजनेबरोबर घेता येणार नाही.

लिहायला बसण्याआधी मालकांसमोर एक बिल मांडा. गिऱ्हाइकानं ४,२०० ची सिल्क साडी घेतली आणि ९,००० ची पैठणी. बिल १३,२०० झालं. सूट किती? वगळलेल्या मालाकडं लक्ष न गेलेलं गिऱ्हाईक २,६४० मागेल. पैठणी पाच हजारांच्या हिशेबात धरायची पण तिच्यावर सूट द्यायची नाही, असं ठरलं तर ८४० मिळतील. हिशेबातही धरायची नसेल तर सूट शून्य. कंपनीच्या मजकुरात यातलं कोणतं उत्तर बरोबर ते लिहिलेलंच नसतं, आणि ते आपण मनानं ठरवायचं नसतं. मालकांना विचारा, त्यांना माहीत नसेल तर कंपनीला फोन करायला लावा. आपल्या नमुन्यात धरू की पैठणी हिशेबातही नाही. लगे हात हेही विचारा की सेमी पैठणीचं काय. पैठण आपल्याच भागात आहे, हातमागावरची कोणती आणि सेमी कोणती हे इथल्या बायकांना चांगलं कळतं. 'पैठणी' एवढंच लिहिलं तर सेमीवरून वाद होणारच.

आता खरी अवघड जागा. ती अवघड इंग्रजी शब्दांत नाही, ते कोशात सापडतात. ती आहे 'वर', 'शिवाय' आणि 'पर्यंत' या साध्या मराठी शब्दांत. मीही बराच काळ इथंच अडत असे.

'५,००० रुपयांवरील खरेदीवर २०% सूट' हे वाक्य शेकडो पत्रकांवर दिसतं. यात बरोबर ५,००० च्या बिलाला सूट आहे की नाही, कळत नाही. इंग्रजी मजकुरात ती आहे. शिवाय ६,००० चं बिल झालं तर सूट पूर्ण ६,००० वर, म्हणजे १,२००, की पाच हजारांच्या वरच्या हजारावर, म्हणजे २००? वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येतं. म्हणून अट सांगताना 'वर' वापरूच नका. 'किमान ५,००० रुपयांची खरेदी झाली, तर' असं क्रियापद असलेलं वाक्य करा आणि 'वर' फक्त सूट कशावर मिळेल ते सांगायला ठेवा.

'पैठणीशिवाय सर्व साड्यांवर सूट' हे त्याहून धोक्याचं. 'मामाशिवाय काकाही आले' म्हणतो तेव्हा मामा आलेले असतात. 'मामाशिवाय सगळे आले' म्हणतो तेव्हा नसतात. 'व्यतिरिक्त'चीही तीच गत. पैठणी घ्यायला आलेली बाई आपल्या सोयीचा अर्थ घेईल आणि तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. 'वगळून' चालतं, पण माझा आग्रह वेगळ्या, नकारार्थी, पूर्ण वाक्याचा आहे: 'पैठणी आणि सेमी पैठणीवर सूट नाही.' 'आधीच सवलतीत असलेला माल' हा शब्दप्रयोगही गिऱ्हाइकाला उपयोगाचा नाही. तो माल दुकानात ओळखायचा कसा ते लिहा. लाल स्टिकर लावत असतील तर 'लाल स्टिकरच्या साड्या' म्हणा.

'दिवाळीपर्यंत' तर कधीच लिहू नका. कोणाची दिवाळी वसुबारसेला सुरू होते, कोणी लक्ष्मीपूजनालाच दिवाळी म्हणतं, कोणी भाऊबीज धरतं. २०२५ मध्ये उत्तरेत बहुतेक ठिकाणी दिवाळी २० ऑक्टोबरला झाली आणि आपल्याकडं लक्ष्मीपूजन २१ ला. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मजकुरात सणाचं नाव असेल तर तारीख आपल्या पंचांगाशी ताडून पाहा. तारीख, वार आणि साल तिन्ही लिहा. '२२ पर्यंत' म्हटल्यावर बावीस तारीख धरायची का, हा प्रश्न उरतो, म्हणून ती धरून आहे हे आणि दुकान बंद व्हायची वेळही लिहा. 'किंवा साठा असेपर्यंत' तसंच उतरवलं तर २२ नंतरही साठा आहे, मग सूट का नाही, असं विचारलं जातं. 'त्याआधी माल संपला तर योजना तेव्हाच बंद होईल' म्हटलं की प्रश्न मिटतो.

'*अटी लागू' या चांदणीनं काम भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा, असं त्यांत आहे. वर मोठ्या अक्षरात मराठी आणि तळाला बारीक इंग्रजी अटी, ही पद्धत सोडा. शिवाय हाच मजकूर रिक्षाच्या भोंग्यावरून वाचला जातो, आणि तिथं चांदणी ऐकू येत नाही.

आपला नमुना असा होईल:

एका बिलात किमान ५,००० रुपयांच्या साड्या घेतल्यास त्या साड्यांच्या पूर्ण किमतीवर २०% सूट.
पैठणी, सेमी पैठणी आणि लाल स्टिकरच्या साड्यांवर सूट नाही. त्यांची किंमत ५,००० च्या हिशेबात धरली जाणार नाही.
बुधवार १५ ऑक्टोबर ते बुधवार २२ ऑक्टोबर (पाडवा) २०२५. पाडव्याच्या दिवशी रात्री ९ पर्यंत सूट मिळेल. त्याआधी माल संपला तर योजना तेव्हाच बंद होईल.
एका बिलावर एकच योजना मिळेल.

शुद्धलेखन तपासा, आकडे मूळ मजकुराशी एकदा जुळवा. मग ज्यानं हे वाचलेलं नाही अशा माणसाला, शक्यतो काउंटरवरच्या मुलालाच, मोठ्यानं वाचायला लावा आणि तीन बिलं द्या: बरोबर ५,००० चं, ६,००० चं आणि पैठणीचं ते १३,२०० चं. त्यानं १,०००, १,२०० आणि शून्य ही उत्तरं न विचारता दिली, तर छापायला द्या. तो कुठं थांबला किंवा "म्हणजे?" म्हणाला, तर तेच वाक्य पुन्हा लिहा, त्याला तोंडी समजावून सांगू नका, कारण गिऱ्हाइकाला समजावायला तुम्ही तिथं नसाल.

डिझाइन करणारा जागा कमी पडली की आधी साल आणि 'सूट नाही'ची ओळ लहान करतो. शेवटचा प्रूफ स्वतः पाहा. व्हॉट्सअॅपवर फिरणारं चित्र पुढच्या दिवाळीलाही कोणीतरी पुढं पाठवतं, तेव्हा साल तारखेइतक्याच मोठ्या अक्षरात हवं.